आभाराबरोबर हिशेबही

शिवजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी आमच्या कार्यालयात चार तरुण आले. चौघांच्याही चेहऱ्यावर जागरण होते आणि समाधानही. आदल्या दिवशी, १९ फेब्रुवारीला, त्यांच्या तरुण मंडळाने रक्तदान शिबिर घेतले होते. शंभर पिशव्या रक्त जमा झाले होते आणि त्याबद्दलचे आभारपत्र आपल्या साप्ताहिकात छापून यावे, अशी त्यांची इच्छा होती. मसुदा त्यांनी लिहूनच आणला होता. त्यात रक्तदाते होते, डॉक्टर होते, मांडववाले होते, सभागृह विनामूल्य देणारी शाळा होती, लाडू करून पाठवणाऱ्या माता-भगिनी होत्या. कोणी राहून गेले असेल तर क्षमस्व, हेही होते.

मसुद्यात वावगे काहीच नव्हते. तरीही तो वाचून झाल्यावर आम्ही त्यांना एक प्रश्न विचारला, की त्या शंभर पिशव्या आज, या घटकेला, कोठे आहेत? चौघे एकमेकांकडे पाहू लागले. पिशव्या रक्तपेढीच्या गाडीत चढल्या, गाडी निघाली, मंडळींनी भगव्या पताका उतरवायला घेतल्या, येथवर त्यांना ठाऊक होते. पुढचे ठाऊक नव्हते. यात त्यांचा दोष नाही. शिबिरे घेणाऱ्या शंभरांतल्या नव्वद मंडळांना ते ठाऊक नसते आणि आम्हालाही पुरते ठाऊक नव्हते. तेव्हा दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्यासमवेत रक्तपेढीत जाऊन आलो. ज्याने काही दिले त्याचे आभार मानायचे तर त्याच्या देण्याचे काय झाले, हे त्याला सांगितले पाहिजे, असे आम्हास वाटते. म्हणून त्या मसुद्याच्या जागी हा अग्रलेख.

प्रथम आभार त्यांचे, ज्यांचे रक्त घेतलेच गेले नाही. आभारपत्रात त्यांचा उल्लेख नव्हता, कोणत्याच आभारपत्रात तो नसतो. नोंदणीच्या टेबलापर्यंत येऊन परत गेलेल्यांत मुली अधिक होत्या. बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. द्रावण ठरावीक घनतेचे असते. थेंब झरझर तळाशी गेला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे असे समजायचे, तरंगत राहिला वा मध्येच घुटमळला तर खाली. साडेबाराच्या खाली असणाऱ्याचे रक्त घ्यायचे नाही, असा नियम आहे आणि तो पुरुष व स्त्री दोघांनाही सारखाच. आता अनेक ठिकाणी त्यासाठी छोटे यंत्र वापरतात, पण नियम तोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या फेरीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयी आढळल्या होत्या. तेव्हा शिबिरात मुली परत जाणे हे आश्चर्य नव्हे. आश्चर्य हे, की त्या मुलीला “तुझे चालत नाही गं, जा” एवढेच सांगून वाटेला लावले जाते. मैत्रिणींसमोर ती ओशाळते आणि पुन्हा कधी शिबिराकडे फिरकत नाही. वास्तविक त्या दिवशी तिला स्वतःच्या शरीराविषयी एक महत्त्वाची गोष्ट विनामूल्य कळलेली असते. तो आकडा कागदावर लिहून तिच्या हाती द्यावा, आपल्या डॉक्टरांना दाखव असे सांगावे, आणि घरच्यांनी तो कागद पोळीच्या डब्याखाली सरकवून विसरू नये. या मंडळाच्या शिबिरात असे कागद दिले गेले, हे आम्ही मुद्दाम विचारून घेतले. कल्पना रक्तपेढीच्या परिचारिकेची होती. तिचेही आभार.

आता पिशवीकडे वळू.

सभागृहातल्या खाटेवर पाच-दहा मिनिटांत भरलेली साडेतीनशे मिलिलिटरची पिशवी म्हणजे रुग्णाला चढवायला तयार झालेले रक्त, असा आपला समज असतो. तसे ते आता क्वचितच असते. पिशवीच्या पोटाला नळ्यांनी जोडलेल्या दोन-तीन रिकाम्या पिशव्या आपण पाहिल्या असतील. त्यांचे काम रक्तपेढीत सुरू होते. पिशवी वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात घातली की जड तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वरचा भाग शेजारच्या पिशवीत काढून घेता येतो. तो पुन्हा फिरवला की त्यातून प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवण्यास साहाय्य करणाऱ्या बारीक पेशी, आणि पिवळसर रक्तद्रव वेगळे होतात. एका दात्याचे रक्त अशा रीतीने तीन रुग्णांच्या कामी येऊ शकते. पण त्याला वेळेचे बंधन आहे. प्लेटलेट्स हव्या असतील तर रक्त घेतल्यापासून साधारण सहा ते आठ तासांच्या आत हे काम व्हावे लागते आणि तोवर पिशवी बर्फात ठेवून चालत नाही. थंडीने प्लेटलेट्स निकामी होतात. सकाळी दहाला घेतलेली पिशवी सायंकाळच्या भाषणांपर्यंत सभागृहातच पडून राहिली, तर तीन रुग्णांचे दोन झाले म्हणून समजावे. या शिबिरातून गाडीची पहिली फेरी दुपारी एकच्या आत गेली. समारोपाला पिशव्यांची रास मागे ठेवून छायाचित्र काढण्याचा मोह मंडळाने टाळला. हा तपशील क्षुल्लक वाटेल, परंतु ज्याला पुढच्या दोन दिवसांत प्लेटलेट्स लागल्या त्याच्या दृष्टीने तो क्षुल्लक नव्हता.

वेगळे झालेले हे तीन भाग तीन वेगवेगळ्या कपाटांत जातात आणि तिघांची आयुष्ये निरनिराळी असतात. रक्तद्रव उणे तीस अंशांखाली गोठवून ठेवला तर वर्षभर टिकतो. तांबड्या पेशी दोन ते सहा अंशांत, पिशवीतील पोषक द्रावणानुसार पस्तीस किंवा बेचाळीस दिवस टिकतात. प्लेटलेट्स टिकतात अवघे पाच दिवस, तेही खोलीच्या तापमानाला आणि रात्रंदिवस हलत्या फळीवर ठेवून. त्या पाचांतला एक दिवस तपासण्यांतच जातो, कारण एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि मलेरिया या पाचही तपासण्या निर्दोष आल्यावाचून कोणताही भाग बाहेर देता येत नाही. आम्ही गेलो तेव्हा ती फळी हलत होती. तिच्यावर आपल्याच शिबिराच्या पिशव्या होत्या आणि त्यांच्याबरोबर त्याच दिवशी गावात व आसपास झालेल्या इतर शिबिरांच्याही होत्या. फळी भरून गेली होती. रक्तपेढीचे अधिकारी म्हणाले, “साहेब, यातल्या किती वापरल्या जातील ते विचारू नका. एकाच दिवशी एवढे रुग्ण कोठून आणू?”

हा प्रश्न आम्ही बरोबर घेऊन परतलो.

महाराष्ट्रात रक्तदानाचा उत्साह कमी नाही, उलट देशात आपले राज्य रक्तसंकलनात पुढेच असते. परंतु हा उत्साह कॅलेंडरच्या काही चौकटींत दाटीवाटीने बसलेला आहे. २६ जानेवारी, १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट, आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस. एका दिवसात हजारो पिशव्यांचे विक्रम होतात, त्यांची प्रमाणपत्रे चौकटीत लागतात. आणि मे महिन्यात महाविद्यालये बंद, माणसे गावी गेलेली, उन्हाने शिबिरे थंडावलेली अशा वेळी त्याच शहरातील रक्तपेढ्या वृत्तपत्रांतून आवाहने काढतात. दिवाळीच्या सुटीतही हेच घडते. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या आकड्यांवरून २०१७ साली वृत्तपत्रांनी दाखवून दिले होते, की आधीच्या पाच वर्षांत देशभरात रक्ताच्या व रक्तघटकांच्या २८ लाखांहून अधिक पिशव्या टाकून द्याव्या लागल्या. त्या साऱ्याच मुदत संपल्यामुळे गेल्या असे नाही. काही तपासणीत सदोष ठरल्या, काही साठवणीतल्या चुकांनी गेल्या. तरीही ज्या देशात रक्तावाचून नातेवाईक दारोदार फिरतात, त्या देशात ही संख्या वाचून स्वस्थ बसवत नाही.

आपल्या शंभर पिशव्यांचाच हिशेब करून पाहू. रक्त घेतले १९ फेब्रुवारीला. प्लेटलेट्स २४ फेब्रुवारीला संपल्या. तांबड्या पेशी जास्तीत जास्त बेचाळीस दिवस, म्हणजे २ एप्रिलपर्यंत. साधी पिशवी असेल तर पस्तीस दिवस, म्हणजे २६ मार्च. त्यानंतर त्या कपाटात आपल्या शिबिराचा फक्त गोठलेला रक्तद्रव उरतो, तांबड्या रक्ताचा थेंबही नाही. शिवजयंतीला दिलेले रक्त मे महिन्याच्या टंचाईला कामी येईल, असे आपण मनाशी धरून चालतो. ते येत नाही. शंभर पिशव्या दिल्या काय आणि हजार दिल्या काय, २ एप्रिलनंतर दोन्हींचे मोल सारखेच.

हे ज्याला सर्वाधिक भोगावे लागते ते थॅलेसेमियाचे मूल. या आजारात शरीर धड हिमोग्लोबिन तयार करू शकत नाही, त्यामुळे अशा मुलाला जन्मभर दर दोन ते चार आठवड्यांनी तांबड्या पेशी चढवाव्या लागतात. त्याही शक्यतो दोन आठवड्यांच्या आतल्या, ताज्या, कारण जितक्या ताज्या तितक्या त्या अंगात अधिक काळ टिकतात. असे एखादे मूल दर तीन आठवड्यांनी येते असे धरा. शिबिरानंतर ते २२ फेब्रुवारीला आले. कपाट भरलेले आहे, हवी तशी पिशवी मिळाली. १५ मार्चला आले, तेव्हाही मिळाली, पण आता ती साडेतीन आठवड्यांची जुनी आहे. ५ एप्रिलला आले तेव्हा आपल्या शिबिराचे काही उरलेले नाही. तरी १४ एप्रिलची शिबिरे पुढे आहेत, रक्तपेढी कशीबशी निभावते. २६ एप्रिलला पुन्हा मिळते. आणि १७ मे रोजी आई-बाप मुलाला घेऊन येतात, तेव्हा त्यांना सांगितले जाते, की त्याच्या गटाची एकच पिशवी आहे आणि ती प्रसूतीच्या रुग्णासाठी राखून ठेवली आहे, दोन दिवसांनी या. त्या दोन दिवसांत ते मूल जिना चढताना धापा टाकते, शाळेला सुटी असल्याने निदान गैरहजेरी तरी लागत नाही. वर्षभरात असे सतरा-अठरा फेरे. एका दिवसाच्या विक्रमी शिबिराने त्यातले दोन भागतात.

आणि याच हिशेबात त्याचे उत्तरही दडलेले आहे. आम्ही ते कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा आमच्यासमोरच्या चौघांपैकी एकाच्या ते प्रथम लक्षात आले. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये नव्वद दिवसांचे अंतर ठेवावे लागते, स्त्रीला एकशेवीस. (रक्तातील पाण्याचा अंश दोन-एक दिवसांत भरून येतो, पण साडेतीनशे मिलिलिटर रक्तातून दीडशे मिलिग्रॅमहून अधिक लोह जाते आणि ते रोजच्या भाजी-भाकरीतून परत मिळवायला महिने लागतात. स्त्रियांचा साठा मुळात कमी, म्हणून त्यांना अवधी अधिक.) १९ फेब्रुवारीला ज्याने रक्त दिले तो पुन्हा पात्र होतो २० मे रोजी. ऐन टंचाईच्या मधोमध! रक्त देणाऱ्या भगिनी पात्र होतात १९ जूनला. म्हणजे शिवजयंतीचा दाता हाच मे महिन्याचा दाता होऊ शकतो. त्याला तसे कोणी सांगत नाही, एवढेच. त्याला छापील आभारपत्र मिळते, त्यावर पुढची तारीख नसते.

येथे या मंडळाची एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी त्यांच्या मसुद्यात नव्हती. ती त्यांना थोडी लाजिरवाणीच वाटत होती. गेल्या वर्षीपेक्षा मोठा आकडा गाठायचा, असा संकल्प करून त्यांनी महिनाभर घरोघर संपर्क केला होता. शिबिराच्या आठ दिवस आधी रक्तपेढीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना स्पष्ट सांगितले, की आम्हाला त्या दिवशी शंभरांहून अधिक नको, आणाल तर आम्हाला वाया घालवावे लागेल. मंडळात वाद झाला. काहींचे म्हणणे, दुसरी रक्तपेढी बोलावू, कोणीतरी घेईलच. बॅनरवर आकडा छापून झाला होता. अखेर वडिलकीच्या नात्याने कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर त्यांच्यातल्याच औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलाने मुदत संपलेल्या औषधांचे काय होते हे समजावले म्हणून त्यांनी ऐकले. शंभराव्या पिशवीनंतर नोंदणी बंद केली. रांगेत उरलेले लोक अर्थातच चिडले. “सुटीच्या दिवशी तासभर उभे राहिलो ते यासाठी का?” असे एक गृहस्थ म्हणाले आणि त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. त्या प्रत्येकाची क्षमा मागून मंडळाने एका दोनशे पानी वहीत त्यांची नावे, रक्तगट आणि दूरध्वनी क्रमांक लिहून घेतले. शंभर पिशव्यांपेक्षा ही वही अधिक मोलाची आहे, असे रक्तपेढीचे अधिकारी आम्हाला म्हणाले. ते सौजन्यापोटी बोलत नव्हते. वहीतली माणसे आजच पात्र आहेत. गरज पडेल त्या दिवशी हव्या त्या गटाच्या पाचच जणांना बोलावता येते. पिशवीत भरलेले रक्त बेचाळीस दिवसांत संपते, माणसाच्या शरीरातले रक्त मात्र मुदतबाह्य होत नाही.

या वहीत एक भर आम्ही सुचवली आणि ती त्यांनी मान्य केली. ज्यांनी १९ तारखेला रक्त दिले त्या शंभर जणांचीही नावे तीत घालावीत आणि प्रत्येकापुढे पात्र होण्याची तारीख लिहावी. दुर्मीळ गट असलेल्यांना तर दिवस ठरलेल्या शिबिरात रक्त द्यायला लावूच नये, त्यांना बोलावणे येईल तेव्हाच द्यावे. ‘बॉम्बे’ रक्तगट हा शब्द आपण वर्तमानपत्रात अधूनमधून वाचतो. १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रथम शोधला. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा तो असतो आणि त्याला दुसऱ्या कोणत्याही गटाचे, अगदी ‘ओ’ गटाचेही रक्त चालत नाही. साध्या तपासणीत हा गट ‘ओ’ म्हणूनच दिसतो. अशा माणसाची पिशवी शिवजयंतीच्या गर्दीत भरून ठेवण्यापेक्षा त्याचा दूरध्वनी क्रमांक रक्तपेढीपाशी असणे शतपट बरे.

तारीख की तिथी, हा शिवजयंतीचा वाद आपल्याकडे जुना आहे आणि त्यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. रक्तपेढीवाल्यांचे मात्र त्याबाबत स्वतःचे मत आहे. तिथीने जयंती साजरी करणारी मंडळे मार्चमध्ये शिबिरे घेतात, त्यामुळे दोन खेपांत आपोआप काही आठवड्यांचे अंतर पडते. हा वाद मिटू नये, असे म्हणणारा गट आम्हाला प्रथमच भेटला.

जयंतीच्याच दिवशी शिबिर घेण्यात आणखी एक अडचण आहे आणि ती यंदा अनुभवास आली. सकाळी रक्त दिलेला एक तरुण दुपारी मिरवणुकीत ढोल घेऊन उभा राहिला. अर्ध्या तासात त्याला भोवळ आली. सोबत्यांनी तत्काळ आडवे करून त्याचे पाय उंच धरले, पाणी पाजले, दहा मिनिटांत तो सावरला. प्रकार गंभीर नव्हता. परंतु रक्त दिल्यावर त्या दिवशी कष्टाचे काम, उन्हात उभे राहणे आणि उपाशी राहणे टाळावे, ही सूचना दात्यांच्या कार्डावर छापलेली असते आणि ती मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेशी सरळ विसंगत होती. ज्या मुलांनी मिरवणुकीत नाचावे अशी आपली अपेक्षा असते, त्यांच्याकडूनच सकाळी रक्त घेणे बरे नव्हे. त्यातून तरुण वय, कमी वजन आणि पहिलीच खेप असेल तर भोवळ येण्याचा संभव अधिक. सकाळी नीट न्याहारी आणि सुई लागण्यापूर्वी दोन पेले पाणी, एवढ्याने तो पुष्कळ कमी होतो. लाडू नंतर देतात, पाणी आधी द्यावे.

एका गोष्टीसाठी मात्र या तरुणांची पाठ थोपटलीच पाहिजे. गावातील एका व्यापाऱ्याने प्रत्येक रक्तदात्याला चांगली प्रवासी बॅग देण्याची तयारी दाखवली होती, वर मंडळाचे नाव छापूनही देणार होता. मंडळाने नम्रपणे नकार दिला. अनेक शिबिरांत आता हेल्मेट, छत्र्या, डबे वाटले जातात आणि रांगा लागतात. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, मग त्यात अडचण कोणती? अडचण त्या अर्जात आहे जो रक्त देण्यापूर्वी भरून घेतात. गेल्या वर्षभरात गोंदवून घेतले का, कावीळ झाली होती का, काही धोक्याचे वर्तन घडले का, असे प्रश्न त्यात असतात. विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर काही काळ तो कोणत्याही तपासणीत दिसत नाही. त्या काळात रुग्णाचे रक्षण करते ती फक्त दात्याने खरे दिलेली उत्तरे. हातात बॅग पडणार असेल तर एखादा ‘हो’चे ‘नाही’ करील, आणि त्याची किंमत अनोळखी रुग्ण मोजील. आमच्या पिढीने रुग्णालयांच्या बाहेर बसलेले व्यावसायिक रक्तविक्रेते पाहिले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर १ जानेवारी १९९८ पासून ती पद्धत बंद झाली. पैसे गेले, आता वस्तूंच्या रूपाने ते मागच्या दाराने येऊ नयेत. त्याच कारणाने, रक्त न देता परतलेल्या मित्राला ‘तुझे का नाही घेतले?’ असे कार्यकर्त्यांनी चारचौघांत विचारू नये. त्याला खोटे बोलावे लागेल असा प्रसंगच आणू नये.

जाता जाता, शिबिरात हमखास विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाविषयी. आम्ही फुकट देतो, मग रुग्णाकडून पैसे का? रक्ताला किंमत लावता येत नाही, परंतु पिशवी, तपासण्या, फिरवणारे यंत्र, शीतकपाटे आणि रात्रपाळीचा तंत्रज्ञ यांना खर्च येतो. तेवढेच प्रक्रियाशुल्क घ्यावे, त्यापलीकडे काही नाही, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा बजावले आहे. घटकानुसार ते सुमारे २५० ते १,५५० रुपयांच्या मर्यादेत असते, आणि थॅलेसेमियासारख्या ज्या रुग्णांना वारंवार रक्त लागते त्यांना ते माफ करण्याची तरतूद आहे. कोणी अधिक मागितले तर पावती मागावी.

पुढच्या वर्षी पाचशे पिशव्यांचा संकल्प मंडळाने सोडून दिला आहे. त्याऐवजी चार शिबिरे, प्रत्येकी साठ-सत्तर पिशव्यांची, असे ठरते आहे. पहिले २० मे नंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात ते दहा, ऊन चढण्यापूर्वी. एक पावसाळ्यानंतर, जेव्हा डेंग्यूमुळे प्लेटलेट्सची ओढाताण असते. एक दिवाळीच्या सुटीत. आणि एक शिवजयंतीच्या आगेमागे, मिरवणुकीच्या दिवशी नव्हे. मेमधल्या शिबिराला सभागृह मिळेल की नाही याची त्यांना चिंता आहे, कारण लग्नसराई आहे. ज्या वाचकांच्या संस्थेचा, वाड्याचा वा शाळेचा हवेशीर वर्ग तीन तासांसाठी मिळू शकेल, त्यांनी कार्यालयात कळवावे. आम्ही तो निरोप पोहोचवू.

शंभर रक्तदात्यांचे, परत गेलेल्या भगिनींचे, रांगेतून चिडून गेलेल्या गृहस्थांचे, आणि वेळेवर थांबलेल्या मंडळाचे मनःपूर्वक आभार. ती वही सध्या औषधाच्या दुकानातल्या त्या मुलाकडे आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून तो एकेकाला दूरध्वनी करणार आहे.